जुन्या टाइलवर नवी टाइल की पूर्ण तोडफोड? बाथरूमच्या भिंतींचा आणि जमिनीचा निर्णय वेगवेगळा घ्यावा

प्रश्न: आमचा फ्लॅट डोंबिवलीत दुसऱ्या मजल्यावर आहे, इमारत १९९६ ची. बाथरूम ७ फूट बाय ५ फूट, भिंतींना ७ फुटांपर्यंत जुन्या पांढऱ्या टाइल्स आहेत. एक कंत्राटदार म्हणतो, काही तोडू नका, टाइलवर टाइल लावून पाच दिवसांत देतो. दुसरा म्हणतो, स्लॅबपर्यंत फोडल्याशिवाय हात लावणार नाही. दाराच्या उंबरठ्यापेक्षा आतली लादी साधारण ३० मिलीमीटर खाली आहे आणि अंघोळीनंतर दारापाशी थोडे पाणी साचून राहते. खालच्या काकांच्या छताला एका कोपऱ्यात पिवळसर डाग आहे, पण पाणी टपकत नाही. घरात दुसरे स्वच्छतागृह आहे, त्यामुळे काही दिवस हे बंद ठेवता येईल. कोणाचे ऐकावे?

उत्तर:

दोन्ही कंत्राटदार संपूर्ण बाथरूमसाठी एकच उत्तर देत आहेत आणि माझा पहिला आक्षेप तिथेच आहे. भिंतीवरची टाइल आणि जमिनीवरची टाइल यांची कामे वेगळी, त्यांच्यामागे दडलेल्या गोष्टी वेगळ्या आणि बिघडण्याची कारणेही वेगळी असतात. भिंतीमागे विटा, गिलावा आणि पाण्याची लाइन असते. जमिनीखाली मात्र कोबा, नहाणी ट्रॅप, सांडपाण्याच्या पाइपचे सांधे आणि खालच्या घराचे छत असते. तुम्ही दिलेल्या वर्णनावरून माझे मत असे आहे की जमीन स्लॅबपर्यंत फोडावी, भिंतींचा खालचा फूटभर पट्टा तिच्यासोबत काढावा, आणि वरच्या भिंतींवर टाइलवर टाइल चालेल की नाही हे तपासणीनंतर ठरवावे. तपासणी कशी करायची आणि मी या मतापर्यंत कसा आलो, ते पुढे सविस्तर लिहितो.

आधी उंचीचा हिशोब करू, कारण तो घरबसल्या करता येतो आणि बऱ्याचदा निर्णय तिथेच लागतो. नवी टाइल साधारण ९ मिलीमीटर जाडीची आणि तिच्याखालचे ॲढेसिव्ह दाबल्यानंतर ४ मिलीमीटरचे धरले, तर जमीन १३ मिलीमीटर वर येते. तुमच्याकडे ३० मिलीमीटर आहेत, म्हणजे १७ उरतात आणि काम बसते असे वाटते. कंत्राटदारही हाच हिशोब सांगतो. पण दारापाशी पाणी साचते, याचा अर्थ उतार मुळातच अपुरा आहे किंवा कोबा कुठेतरी खचला आहे. टाइलवर टाइल बसवली की जुना उतार जसाच्या तसा वर येतो. खड्डा असेल तर खड्डाही येतो. बाथरूमला मीटरला निदान १० मिलीमीटर उतार हवा. तुमच्या दारापासून जाळीपर्यंत तिरके अंतर सुमारे दोन मीटर असेल, तर दारापाशी लादी जाळीपेक्षा २० मिलीमीटर उंच असायला हवी. पाण्याची पारदर्शक नळी घेऊन दोन्ही टोकांची पातळी मोजा. समजा प्रत्यक्षात फरक ८ मिलीमीटर निघाला. मग दाराकडच्या बाजूला १२ मिलीमीटर भर घालावी लागेल आणि तिच्यावर टाइलचे १३, म्हणजे दारापाशी जमीन २५ मिलीमीटर वर येईल. उंबरठा उरतो अवघा ५ मिलीमीटर. बादली कलंडली किंवा जाळीत केस अडकले की पाणी थेट पॅसेजमध्ये येईल. शिवाय दार आत उघडत असेल तर ते खालून कापावे लागेल, आणि पोकळ पीव्हीसी दार खालून कापले की त्याची आतली पोकळी उघडी पडून पाणी धरते.

उंबरठ्यावर आणखी एक ग्रॅनाइटची पट्टी चिकटवून उंची वाढवण्याचा तोडगा तुम्हाला सुचवला जाईल. तो चालतो, पण घरात ज्येष्ठ माणसे असतील तर ठेच लागण्याची कायमची जागा तयार होते, आणि पट्टीखालच्या सांध्यातून ओल चौकटीच्या बुडाशी जाते. बाहेरच्या खोलीतही कधी लादीवर लादी बसवण्याचा विचार असेल, तर तिथली पातळी वर येऊन आतला फरक पुन्हा बदलेल. तो हिशोब आत्ताच करून ठेवावा.

उंची वाढल्याने दारापेक्षाही मोठे नुकसान जाळीपाशी होते. जुन्या नहाणी ट्रॅपचे तोंड जुन्या लादीच्या पातळीला असते. नवी लादी १३ मिलीमीटर वर आल्यावर त्या तोंडाला तेवढ्याच उंचीची कॉलर जोडून सांधा पक्का भरायला हवा. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी नवी जाळी नुसती वरच्या टाइलमध्ये बसवून कडेने सिमेंट फिरवले जाते. मग ट्रॅपच्या कडेभोवती, जुन्या आणि नव्या लादीच्या मधोमध, बोटभर रुंदीची गोल फट राहते. रोजच्या अंघोळीचे पाणी जाळीतून खाली जाताना त्या फटीत शिरते आणि दोन थरांमधल्या ॲढेसिव्हच्या पोकळ्यांमधून आडवे पसरते. वरून सगळे नवे आणि कोरडे दिसते, पण काही महिन्यांनी दूरच्या कोपऱ्यातले सांधे काळे पडू लागतात किंवा त्यांतून पांढरा क्षार बाहेर येतो. जमिनीवर टाइलवर टाइल झालेले एखादे काम पाहायला गेलात तर आधी जाळी उचला आणि आत बोट फिरवा. ट्रॅपच्या तोंडापर्यंत अखंड गुळगुळीत कडा लागली तर काम नीट झाले आहे. सिमेंटचा खरखरीत कंगोरा आणि त्याखाली खाच लागली तर नाही.

कमोडचीही उंची बदलते. जमिनीवर बसणारा पी-ट्रॅप कमोड १३ मिलीमीटर वर उचलला गेला की त्याचे मागचे तोंड भिंतीतल्या पाइपशी जुळत नाही. ते रबरी जोडाने ओढूनताणून जुळवले जाते आणि तिथे हळूहळू झिरपते. भारतीय पद्धतीचे भांडे असेल तर टाइलवर टाइल करण्यात अर्थच नाही; भांडे खड्ड्यात गेल्यासारखे दिसते आणि त्याच्या कडेने नेहमी पाणी साचते. भिंतीकडून जागा मात्र फारशी जात नाही. दोन्ही बाजूंनी १३ मिलीमीटर धरले तर ५ फुटांच्या रुंदीतून जेमतेम एक इंच कमी होतो. तिथे अडचण येते ती नळांची. भिंतीतले जुने सॉकेट तेवढे आत जातात, मिक्सरच्या पायांना आटे पुरत नाहीत आणि जोडनिपल घालावे लागतात. भिंतीतल्या डायव्हर्टरची तबकडी टाइलला टेकत नाही. गीझरचे बोल्टही लांब घ्यावे लागतात, कारण त्यांची पकड विटेत हवी, टाइलच्या दोन थरांत नव्हे.

आता खालच्या छतावरच्या डागाकडे येऊ. माझ्या दृष्टीने तुमच्या प्रश्नातला हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. टपकत नाही म्हणजे गळती नाही, असे समजू नका. तुमच्या इमारतीच्या काळात बाथरूमखालचा स्लॅब सहसा आठ इंच ते फूटभर खाली घेतलेला असे आणि तो खड्डा विटांच्या तुकड्यांच्या कोब्याने भरलेला असे. हा कोबा स्पंजासारखा पाणी धरून ठेवतो. ट्रॅपच्या सांध्यातून रोज पेलाभर पाणी झिरपले तरी ते आधी कोब्यात मुरते, आणि कोबा पुरेसा भिजल्यावरच स्लॅबमधून खाली डाग दिसतो. त्यामुळे डाग दिसेपर्यंत गळती बरीच जुनी झालेली असते. दरम्यान तेच पाणी स्लॅबच्या सळ्यांपर्यंत पोचते. सळी गंजली की फुगते आणि काँक्रीटचे आवरण फोडते. खालच्या घरात पोपडे पडतात ते त्यामुळे.

गळती कुठून आहे हे फोडण्याआधी बऱ्याच अंशी ओळखता येते, पण त्यासाठी तपासण्यांचा क्रम पाळावा लागतो. सगळे एकाच दिवशी केले तर काहीच कळत नाही. प्रथम खालच्या काकांना विचारून डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. मग बाथरूमचा वापर पूर्ण थांबवा आणि गच्चीवरच्या टाकीतून त्या बाथरूमला येणारा व्हॉल्व्हही बंद करा. चार-पाच दिवसांनी डाग फिका पडू लागला तर पाणी तुमच्याच बाथरूमचे असण्याची शक्यता मोठी आहे. फरक पडला नाही, तर कोबा खूप भिजलेला असेल किंवा पाणी दुसरीकडून येत असेल. आणखी काही दिवस वाट पाहा, आणि तुमच्या वरच्या मजल्याचे बाथरूम, डक्टमधला सामाईक पाइप आणि बाहेरच्या भिंतीच्या भेगा तपासा. पावसाळ्यात ही तपासणी शक्यतो करू नये, कारण बाहेरच्या भिंतीची ओल सगळा अंदाज चुकवते.

डाग कोरडा होऊ लागल्यावर फक्त पाणीपुरवठा सुरू करा आणि सर्व नळ बंद ठेवा. दोन दिवसांत ओल पुन्हा पुढे सरकली तर दोष भिंतीतल्या पाण्याच्या लाइनमध्ये आहे, कारण तिच्यात चोवीस तास दाब असतो. ओल नाही आली तर पुढची पायरी: लादी भिजू न देता बादलीतले पाणी मगाने किंवा नळीने थेट जाळीत सोडा, दिवसातून काही वेळा. आता ओल आली तर ट्रॅप किंवा त्यापुढचा सांधा गळतो आहे. तरीही कोरडे राहिले तर जाळीचे तोंड घट्ट बंद करून लादीवर इंचभर पाणी ४८ तास तुंबवा. त्या वेळी ओल आली तर लादीचे सांधे आणि खालचे वॉटरप्रूफिंग निकामी झाले आहे, हे निश्चित.

या तीन निष्कर्षांपैकी पहिल्या दोन प्रकारांत टाइलवर टाइल बसवणे म्हणजे दोष आत कोंडणे होय. गळणारी लाइन किंवा गळणारा सांधा जुन्या लादीच्या खाली आहे, आणि वरून कितीही चांगला थर दिला तरी तो तिथपर्यंत पोचत नाही. उलट, आजवर सांध्यांमधून थोडीफार वाफ होऊन निघणारी ओल आता वरून अडते आणि तिचा रस्ता खालीच उरतो. शेवटच्या प्रकारात, म्हणजे फक्त लादीतून पाणी झिरपत असेल तर, जुन्या लादीवर पॉलिमर-सिमेंटच्या वॉटरप्रूफिंगचे दोन हात देऊन त्यावर टाइल बसवण्याचा पर्याय तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे. तो उंची पुरत असेल तरच, आणि कोबा पूर्ण वाळल्यावरच. तुमच्याकडे उंचीच पुरत नाही. इपॉक्सी ग्राउट भरले की गळती थांबते, असेही तुम्हाला सांगितले जाईल. ग्राउट फक्त वरचा सांधा बंद करते. ट्रॅपचा सांधा त्याच्या आवाक्यात नाही.

तुमच्या इमारतीच्या वयाकडे पाहता भिंतीतली लाइन जीआयची, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची असण्याची दाट शक्यता आहे. एखादा नळ काढून आतल्या आट्यांकडे पाहा. तांबूस गंज आणि आत खपल्या साचून अरुंद झालेले भोक दिसले, किंवा सकाळी पहिल्यांदा नळ सोडल्यावर पाणी काही क्षण तांबूस येत असेल, तर ती लाइन आज गळत नसली तरी तिच्यावर नव्या टाइल्स चढवू नयेत. नंतर ती फुटली तर नवी टाइल फोडावी लागेल, आणि तोपर्यंत त्याच रंगाची टाइल बाजारात मिळत नसते. सध्या गळती आहे का हे पाहायला प्लंबरकडून हातपंप आणि दाबमापक लावून लाइन तपासून घेता येते. सगळी तोंडे बंद करून काटा अर्ध्या तासात खाली येतो का, एवढेच पाहायचे. जुन्या लाइनवर नव्या पाइपइतका दाब मात्र देऊ नये, नाहीतर तपासणीतच ती फुटेल.

भिंतींच्या बाबतीत खरा प्रश्न पकडीचा आहे, आणि तिथे लोक चुकीच्या सांध्याकडे पाहतात. बाजारात मिळणारी चांगली ॲढेसिव्ह काचेसारख्या गुळगुळीत टाइललाही उत्तम धरतात. सी-२ वर्गाच्या ॲढेसिव्हची प्रमाणित पकड दर चौरस मिलीमीटरला निदान १ न्यूटन असते, सी-१ वर्गाची निम्मी. पण नवी टाइल जुन्या टाइलला धरून आहे आणि जुनी टाइल तुमच्या १९९६ च्या गिलाव्याला. त्या काळी टाइल पाण्यात भिजवून, मागे सिमेंटचा लगदा थापून ठोकून बसवत. मधोमध लगदा आणि चारही कोपरे पोकळ, हे दृश्य आम्हाला रोजचे आहे. नवे ॲढेसिव्ह कितीही महाग घेतले तरी तो मागचा सांधा सुधारत नाही. नवी टाइल आणि ॲढेसिव्ह मिळून दर चौरस मीटरला सुमारे २५ ते २७ किलो वजन होते. तुमच्या चारही भिंती, दार-खिडकी वगळून, सुमारे १३ चौरस मीटर भरतील, म्हणजे साडेतीनशे किलोच्या आसपास नवे वजन त्या जुन्या लगद्यावर टांगले जाणार आहे.

तो लगदा वजन पेलेल का, हे पाहण्यासाठी एक नाणे किंवा लहान लाकडी हातोडी घ्या आणि प्रत्येक टाइल पाच ठिकाणी, चार कोपरे आणि मध्य, वाजवून पाहा. भरीव टाइल टणक आवाज देते, सुटलेली ढब वाजते. ढब वाजणाऱ्या टाइलवर खडूने फुली मारा. दहा टाइल्समागे एखादीच फुली आली तर तेवढ्या काढून खड्डा मसाल्याने जुन्या टाइलच्या पातळीला भरून पुढे जाता येते. फुल्या शॉवरच्या भिंतीवर एकवटल्या असतील किंवा एकूण पाचात एक येऊ लागली, तर त्या भिंतीचा विचार सोडून द्यावा. भिंतीचे पोट बाहेर आलेले दिसले, सांध्यांत टाइल एकमेकींना भिडून वर उचललेल्या दिसल्या, तर वाजवूनही पाहू नका. ती भिंत काढायचीच आहे.

याच्या जोडीला मी तीन ठिकाणी एकेक चांगली वाजणारी टाइल मुद्दाम छिन्नीने काढून पाहतो: शॉवरच्या खाली, कमोडच्या मागे आणि खिडकीजवळ. ती कशी निघते यावरून सगळे कळते. छिन्नी लागताच टाइल अखंड सुटली, तिची पाठ पांढरी स्वच्छ आणि लगदा भिंतीवरच राहिला, तर ती केवळ शेजारच्या टाइल्सच्या आधाराने उभी होती. तुकडे तुकडे होऊन निघाली आणि पाठीला सिमेंट व गिलाव्याचे कण घेऊन आली, तर पकड चांगली आहे. मागचा गिलावा नखाने उकरून पाहा; वाळू झडत असेल किंवा हाताला ओल लागत असेल तर त्या भिंतीवर वजन चढवू नका.

भिंती या कसोटीला उतरल्या तर पृष्ठभागाची तयारी मन लावून करून घ्यावी. साबणाचा तेलकट थर आणि कठीण पाण्याचे पांढरे डाग हे ॲढेसिव्हचे शत्रू आहेत. ते घासून, धुऊन पूर्ण काढावे लागतात. ॲसिडने धुण्याचा मोह होतो, पण ते सांध्यांत मुरून राहते आणि सिमेंट खाते. त्यानंतर दोनपैकी एक मार्ग: डायमंड कप लावलेल्या ग्राइंडरने चकाकी घासून टाइल खरखरीत करणे, किंवा वाळूचे कण असलेला, न शोषणाऱ्या पृष्ठभागासाठीचा प्रायमर लावणे. पारंपरिक तिसरा मार्ग म्हणजे टोकदार छिन्नीने टाइलवर टाचे मारणे. तो मी करू देत नाही. प्रत्येक टाच्याचा हादरा मागच्या लगद्याला बसतो. सकाळी भरीव वाजलेली भिंत संध्याकाळी ढब वाजते.

ॲढेसिव्ह दातेरी थापीने एकाच दिशेला ओढून, मोठ्या टाइलच्या पाठीलाही पातळ हात देऊन लावावे. पाच ठिकाणी गोळे ठेवून टाइल दाबणे ही जुनी सवय इथे घातक आहे, कारण गोळ्यांमधल्या पोकळीत पाणी फिरते. काम सुरू असताना एखादी नुकतीच बसवलेली टाइल मिस्त्रीला उचलायला सांगा. पाठ जवळपास पूर्ण भरलेली दिसली पाहिजे. ओल्या जागी ९५ टक्के हे मानक धरतात. रेघा न मोडता तशाच राहिल्या असतील तर टाइल दाबली गेली नाही किंवा ॲढेसिव्हवर साय धरली होती. उन्हाळ्यात पंखा चालू असलेल्या खोलीत वीस मिनिटांतच साय धरू शकते. ॲढेसिव्हच्या गोणीवर टाइलवर टाइल लावण्यासाठी योग्य असा स्पष्ट उल्लेख आणि सी-२ वर्ग पाहून घ्या. भारतीय मानक आयएस १५४७७ प्रमाणे हे काम सहसा टाइप ३ किंवा त्यावरच्या प्रकाराने करतात. ते जास्त पुरावे म्हणून त्यात साधे सिमेंट मिसळू देऊ नका. आणखी एक गोष्ट घाईत विसरली जाते: मागची जुनी टाइलही पाणी शोषत नाही आणि नवी व्हिट्रिफाइडही नाही, त्यामुळे ॲढेसिव्ह वाळायला गिलाव्यावरच्यापेक्षा जास्त वेळ लागतो. दुसऱ्याच दिवशी ग्राउट भरून शॉवर सुरू करणे योग्य नाही. दोन दिवस तरी थांबावे. कोपऱ्यांत आणि भिंत-जमीन सांध्यात ग्राउटऐवजी सॅनिटरी सिलिकॉन भरावे, म्हणजे भिंतींची किंचित हालचाल टाइलवर येत नाही.

आता फोडण्याविषयी. फोडणे हा नेहमीच सुरक्षित मार्ग आहे असे मानणाऱ्यांपैकी मी नाही. त्यात सर्वांत वाईट काम म्हणजे अर्धवट फोडणे. लादी आणि तिच्याखालचा इंच-दीड इंच मसाला काढायचा, कोबा तसाच ठेवायचा आणि नवी लादी बसवायची, असा प्रस्ताव स्वस्त म्हणून स्वीकारला जातो. ब्रेकरच्या हादऱ्यांनी कोब्याचा वरचा घोटलेला थर आणि ट्रॅपचे सांधे सैल होतात, आणि जे बाथरूम कधी गळत नव्हते ते नूतनीकरणानंतर गळू लागते. फोडायचे ठरले तर स्लॅबपर्यंत जावे आणि वॉटरप्रूफिंग नव्याने करावे. ब्रेकर फक्त वरच्या भागात वापरावा. स्लॅबवरचे शेवटचे दोन-तीन इंच छिन्नी-हातोड्याने काढावेत. डक्टकडच्या भिंतीपाशी बिडाचा सामाईक पाइप असेल तर तिथे ब्रेकर नकोच, कारण त्याचे शिशाचे सांधे हादऱ्याने सुटतात आणि मग प्रश्न सगळ्या इमारतीचा होतो. बाथरूम आणि बेडरूममधली भिंत साडेचार इंची असेल, तर पलीकडच्या गिलाव्याला भेगा पडणार आणि रंगकाम निघणार, हे आधीच गृहीत धरा.

राडारोडाही लक्षात घ्या. तुमच्या मापाच्या बाथरूमची फक्त जमीन, दहा इंच कोबा धरला तर, सव्वा टनाच्या पुढे जाते. सर्व भिंती गिलाव्यासह काढल्या तर आणखी पाऊण-एक टन. म्हणजे सत्तर-ऐंशी गोण्या जिन्याने खाली. गोण्या बाल्कनीत किंवा पॅसेजमध्ये एकाच जागी रचू देऊ नका. सोसायटीची परवानगी आणि तोडफोडीच्या वेळा आधी लेखी घ्या. बाथरूममधून आतल्या आत होणाऱ्या गळतीची दुरुस्ती सभासदाच्या खर्चाने, तर सामाईक पाइपची सोसायटीच्या खर्चाने, अशी विभागणी राज्याच्या आदर्श उपविधींत आहे, त्यामुळे फोडताना सामाईक पाइपचा सांधाच खराब दिसला तर त्याच वेळी सचिवांना बोलावून दाखवा.

तुमच्या बाथरूमसाठी मी सुचवतो तो क्रम असा. भिंतींवर जमिनीपासून एक फुटावर आडवी रेघ मारून तिथे ग्राइंडरने काप द्यावा, म्हणजे खालचा पट्टा काढताना वरच्या टाइलला हादरा कमी बसतो. पट्टा गिलाव्यासह आणि जमीन स्लॅबपर्यंत काढावी. स्लॅब धुऊन वाळवावा. सळी उघडी पडलेली किंवा काँक्रीट फुगलेले दिसले तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवावे, त्यावर लेप देऊन झाकू नये. भिंत आणि स्लॅब जिथे मिळतात त्या कोपऱ्यात मसाल्याचा गोलसर वाटा काढून स्लॅबवर आणि भिंतीच्या फूटभर पट्ट्यावर पॉलिमर-सिमेंटचे दोन हात द्यावेत, आणि वाळल्यावर पहिल्यांदा पाणी तुंबवून ४८ तास पाहावे. मग नवा ट्रॅप आणि पाइप, त्यावर उताराचा कोबा, त्यावर पुन्हा लेप आणि पुन्हा पाणी तुंबवणे. जमीन नव्याने होत असल्याने उंबरठ्यापासून ३० ऐवजी ४० मिलीमीटर खोली आणि जाळीकडे पूर्ण २० मिलीमीटर उतार सहज मिळतो.

पाण्याची लाइन जीआयची निघाली तर नवी सीपीव्हीसी लाइन टाकण्यासाठी जुन्या टाइलमधूनच उभी खाच पाडता येते. खाच आणि खालचा पट्टा, दोन्ही गिलाव्याने जुन्या टाइलच्या पृष्ठभागाइतके भरून घ्यावेत, म्हणजे वरपासून खालपर्यंत नवी टाइल एकाच ओळंब्यात येते. भरलेला गिलावा आणि जुनी टाइल यांच्या सांध्यावर लेपाचा चार इंची पट्टा चढवावा, कारण शॉवरचे पाणी आत शिरण्याची ती एकमेव नवी वाट आहे. मात्र खाचा आणि पोकळ टाइल्स मिळून एखाद्या भिंतीचा तिसरा हिस्सा निघत असेल, तर ती भिंत पूर्ण काढणे सोपे आणि स्वस्त पडते. वर सात फुटांवर नव्या टाइलची जाडी बाहेर दिसेल. तिथे पट्टी लावा किंवा टाइल छतापर्यंत न्या. हे सगळे पाच दिवसांत होणार नाही. पाणी तुंबवण्याचे आणि वाळण्याचे दिवस धरून दोन ते अडीच आठवडे लागतील.

पहिल्या कंत्राटदाराचा सल्ला सर्वत्र चुकीचा असतो असे नाही. इमारत दहा-बारा वर्षांची, लाइन सीपीव्हीसीची, उतार नीट, उंबरठा ४० मिलीमीटरचा, टाइल्स भरीव आणि ४८ तास पाणी तुंबवूनही खालचे छत कोरडे असेल, तर फक्त जुने रूप बदलण्यासाठी स्लॅबपर्यंत फोडायला मीही सांगणार नाही. तुमच्याकडे यांतल्या निदान तीन गोष्टी नाहीत.

दुसऱ्या कंत्राटदाराकडून अंदाजपत्रक घेताना दोन्ही वेळचे पाणी तुंबवणे, नवा ट्रॅप, लाइनची दाबतपासणी आणि राडारोडा वाहतूक यांच्या वेगळ्या ओळी लिहून घ्या. कोब्यावरच्या दुसऱ्या तुंबवणीच्या वेळी खालच्या काकांच्या छताचा सकाळ-संध्याकाळ फोटो काढा, आणि त्यांची पेन्सिलची रेघ ओलांडली गेली नाही हे पाहिल्यावरच लादी बसवण्याचा हप्ता द्या.